हिरव्या पट्टीमागची भिंत: ट्रेडिंग ॲप बनवणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मोबाइलवर शेअर खरेदी-विक्रीचे ॲप चालवणाऱ्या सर्व दलाल कंपन्या आणि त्या ॲपचा पडदा आखणारे सर्वजण

विषय: मार्केट डेप्थवर तुम्ही लावलेली 'खरेदीदार ७१%' ही पट्टी

सप्रेम नमस्कार,

मी इचलकरंजीत एका शेअर दलालाच्या स्थानिक कार्यालयात डीलर म्हणून काम करते. २००५ साली मी टर्मिनलसमोर बसले, आजही तिथंच आहे. F6 दाबलं की शेअरची डेप्थ उघडते, म्हणजे कोणत्या भावाला किती शेअर घेणारे आणि विकणारे रांगेत थांबले आहेत तो तक्ता, आणि माझ्या हिशेबानं ही कळ मी दुसऱ्या कुठल्याही कळीपेक्षा जास्त वेळा दाबली असेल. आमचे ग्राहक म्हणजे सूत व्यापारी, यंत्रमागवाले, निवृत्त शिक्षक, दोन-तीन डॉक्टर. पूर्वी ते फोन करून भाव विचारायचे. आता प्रत्येकाच्या खिशात तुमचं ॲप आहे, आणि ते चांगलंच झालं. माझी तक्रार ॲपबद्दल नाही. त्यातल्या एका पट्टीबद्दल आहे.

काही महिन्यांपूर्वी आमच्या ग्राहकांपैकी बरेच जण वापरतात त्या ॲपचं नवं रूप आलं. आधी डेप्थ खाली कुठंतरी, एका बोटाच्या टिचकीमागे असायची. नव्या रूपात शेअरचं पान उघडताच भावाच्या लगेच खाली एक आडवी पट्टी दिसते, डावीकडे हिरवी, उजवीकडे लाल, आणि त्यावर ठळक अक्षरांत खरेदीदार किती टक्के, विक्रेते किती टक्के. कंपनीचं नाव मी इथं घेत नाही, कारण अशी पट्टी थोड्याफार फरकानं इतर ॲपवरही आहे. मी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं की आकडे एक्स्चेंजकडून जसे येतात तसे आम्ही दाखवतो. आकडे एक्स्चेंजचे आहेत हे खरं. पण त्यांची टक्केवारी काढणं, त्यांना हिरवा-लाल रंग देणं आणि भावाच्या शेजारी मानाची जागा देणं हा निर्णय तुमचा आहे. म्हणून हे पत्र तुम्हाला, आणि सगळ्यांदेखत.

आमच्या एका ग्राहकाला आम्ही सगळे गुरुजी म्हणतो. निवृत्त मुख्याध्यापक, गणिताचे. एका मोठ्या सरकारी बँकेच्या शेअरमध्ये ते दिवसाच्या दिवसात सौदे करतात. शेअर अगदी तरता, म्हणजे घेणारे-विकणारे सतत हजर असलेला, दिवसाला लाखो शेअरची उलाढाल. एका दिवशी सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला त्यांनी मला मोबाइल दाखवला. "ताई, हे बघा, खाली केवढी मोठी भिंत उभी आहे. आता हा शेअर ८११ च्या खाली कसा जाईल?"

पडद्यावर जे होतं ते असं. खरेदीचा सर्वांत वरचा भाव ८११.२०, विक्रीचा सर्वांत खालचा ८११.२५. खरेदीच्या बाजूला ८११.२०, ८११.१५, ८११.१० आणि ८११.०५ या चार ओळींत प्रत्येकी हजार ते तीन हजार शेअर. आणि पाचव्या ओळीत, ८११.०० ला, एकदम १,४२,००० शेअर. म्हणजे साडेअकरा कोटी रुपयांची खरेदी जणू हात पसरून उभी. वर हिरवी पट्टी सांगत होती, खरेदीदार ७१%.

गुरुजींनी ८११.२५ ला ५०० शेअर घेतले आणि भिंतीच्या दहा पैसे खाली, ८१०.९० ला स्टॉपलॉस लावला, म्हणजे भाव तिथवर पडला की आपोआप विकायची ऑर्डर. हिशेब सरळ होता. भिंत आहे तोवर आपण सुरक्षित, भिंत पडली तरच आपण बाहेर.

मी त्या शेअरची डेप्थ दर सेकंदाला एका शीटमध्ये उतरवून घेत होते, ती सवय मला काही वर्षांपासून आहे. त्यामुळे पुढं काय झालं ते आठवणीवर सोपवावं लागत नाही. भाव घसरत घसरत खरेदीचा वरचा भाव ८११.०५ झाला. भिंत आता दुसऱ्या ओळीत आली होती, विकणाऱ्यांपासून फक्त एक पायरी दूर. आणि ती नाहीशी झाली. दोन सेकंदांनी तेवढेच १,४२,००० शेअर ८१०.८० ला उभे होते, तेव्हाच्या पडद्यावर पुन्हा पाचव्या ओळीत. भाव ८१०.९० ला आला, गुरुजींचा स्टॉपलॉस उडाला आणि शेअर ८१०.७५ ला विकले गेले. तोवर भिंत ८१०.४५ वर सरकली होती. थोड्या वेळानं ती कायमची गेली. शेअरला ५० पैसे, म्हणजे २५० रुपयांचा तोटा, वर दलाली, एसटीटी आणि इतर खर्च धरून साधारण ४४० रुपये गेले. रक्कम लहान आहे. पण त्या एका महिन्यात त्यांनी असे २६ सौदे केले होते, १९ तोट्यात. प्रत्येक वेळी कारण एकच: "ताई, भिंत होती."

हे सगळं तुम्हाला ठाऊक नसेल असं मला वाटत नाही. तरीही पट्टीवर विसंबणाऱ्या ग्राहकाला काय सांगितलं जात नाही ते इथं लिहिते.

पहिली गोष्ट ओळींच्या रुंदीची. २५१ ते १,००० रुपयांच्या शेअरला भावाची सर्वांत लहान पायरी ५ पैशांची आहे. म्हणजे खरेदीच्या पाच ओळी भरलेल्या असल्या तर वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत अंतर फक्त २० पैसे. काही ॲप वीस ओळी दाखवतात, त्यांचं अंतर ९५ पैसे. हाच शेअर दिवसभरात सहज आठ-दहा रुपये वरखाली होतो. आपण आठ-दहा रुपयांची वाट चालणार आणि पडद्यावर दिसणार पुढचे वीस पैसे. त्या वीस पैशांत काय उभं आहे ते पुढच्या काही सेकंदांबद्दल थोडंफार सांगतं, हे मी नाकारत नाही. पण गुरुजींचा सौदा वीस-पंचवीस मिनिटांचा होता. इतक्या तरत्या शेअरमध्ये ३५ पैशांवर लावलेला स्टॉपलॉस भिंत खरी असती तरी साध्या चढउतारानंच उडाला असता. तुमच्या पडद्यावर कुठंही लिहिलेलं नाही की ही सगळी रांग मिळून फक्त २० पैशांची आहे.

दुसरी गोष्ट पट्टीच्या आकड्याची, आणि माझा खरा राग इथं आहे. पट्टी या पाच ओळींतून काढलेली नसते. बहुतेक ॲपवर ती एकूण खरेदी संख्या आणि एकूण विक्री संख्या यांची टक्केवारी असते. त्या एकूण संख्येत भावापासून कितीही लांब, पण दिवसाच्या भावमर्यादेच्या आत असलेली प्रत्येक थांबलेली ऑर्डर येते. 'पडला तर घेऊ' म्हणून ७७० ला ऑर्डर टाकून शेतावर गेलेला माणूसही तिच्यात खरेदीदार म्हणून मोजला जातो. ज्याला आत्ता, याच क्षणी, मिळेल त्या भावाला विकायचं आहे तो मात्र तिच्यात कधीच दिसत नाही, कारण त्याची ऑर्डर थांबतच नाही. ती आली आणि समोरच्या खरेदीला लागून संपली. स्टॉपलॉसच्या ऑर्डरीही दिसत नाहीत. ट्रिगर लागेपर्यंत त्या वेगळ्या वहीत पडून असतात. गुरुजींसारख्या शंभर जणांचे स्टॉपलॉस त्याच भिंतीच्या खाली दाटीनं बसलेले असतील, पण पट्टीत ते विक्रेते धरलेले नसतात.

म्हणजे किंमत हलवणारी घाईतली माणसं पट्टीत नाहीत, आणि सबुरीनं वाट बघणारी सगळी आहेत. म्हणूनच शेअर घसरत असताना पट्टी पुष्कळदा आणखी हिरवी होताना दिसते. भाव खाली येतो तसे स्वस्तात घेऊ पाहणारे खाली जमत जातात, आणि विकणारे रांग लावायचं सोडून थेट विकायला लागतात. ज्या आकड्याचा असा स्वभाव आहे त्याला 'खरेदीचा जोर' म्हणून हिरवा रंग देणं मला अप्रामाणिक वाटतं. वरच्या सर्किटला, म्हणजे दिवसाच्या सर्वांत वरच्या भावमर्यादेला, लागलेल्या छोट्या शेअरमध्ये, समोर विकणारा कुणी नसताना, याच आकड्याला थोडा अर्थ असतो. तरत्या शेअरमध्ये जवळपास नसतो.

आता भिंतीकडे येते.

आमच्या भागात हळदीचा आणि गुळाचा व्यापार जुना. पूर्वी रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा असं माझे वडील सांगत, शेजारी उभ्या असलेल्यालाही आकडा कळायचा नाही. ही पद्धत शेतकऱ्याच्या हिताची नव्हती, ती बंद झाली ते बरंच झालं. पण तिच्यातलं व्यापाऱ्याचं मन मला अजून समजतं: ज्याला खरोखर मोठा माल उचलायचा आहे तो आपली गरज चारचौघांत बोलून दाखवत नाही. बोलला तर भाव त्याच्याच अंगावर येतो.

शेअर बाजारातही तसंच आहे, आणि त्यासाठी अधिकृत सोयही आहे. मोठी ऑर्डर टाकताना तिचा फक्त काही भाग उघड करता येतो. राष्ट्रीय शेअर बाजारात तो भाग निदान एकूण ऑर्डरीच्या १० टक्के असावा लागतो. उघड भाग संपला की पुढचा भाग आपोआप वर येतो, मात्र त्या भावाच्या रांगेत नव्यानं, सर्वांत मागे उभा राहतो. मोठ्या संस्था तर याहून बारीक काम करतात. त्यांचे प्रोग्रॅम दिवसभर लहान तुकडे टाकत राहतात. मग ज्याला खरंच १,४२,००० शेअर घ्यायचे आहेत तो ते सगळे एका ओळीत, सगळ्या जगाला दिसतील असे का लावेल? कधी कधी लावतोही, कारणं असतात. रांगेत आधीची जागा हवी असते. फ्युचर्समध्ये, म्हणजे त्याच शेअरच्या पुढच्या तारखेच्या सौद्यांत, उलटा सौदा केलेला असतो. किंवा एखादा जुना भागधारक भाव लावून निवांत बसलेला असतो. पण दिसणाऱ्या मोठ्या ऑर्डरीबद्दल पहिला प्रश्न 'किती' हा नसून 'दाखवली का' हा असायला हवा.

खोटी भिंत उभी करणाऱ्याचं उत्तर सोपं आहे: दाखवण्यासाठीच. खरेदीच्या बाजूला मोठा आकडा उभा करायचा, तो बघून गुरुजींसारखे लोक वरच्या भावाला घेतात, आणि तोच माणूस विक्रीच्या बाजूनं त्यांना आपले शेअर देतो. काम झालं की भिंत काढून घ्यायची. ऑर्डर काढायला एक पैसाही लागत नाही. याला इंग्रजी बाजारात स्पूफिंग म्हणतात, आणि आपल्याकडेही आता तोच शब्द रुळला आहे. अमेरिकेत २०१० च्या कायद्यानं त्याला नाव घेऊन गुन्हा ठरवलं: पूर्ण होण्याआधी रद्द करायच्या हेतूनं बोली लावणं. लंडनच्या हाउन्स्लो भागात आईवडिलांच्या घरून सौदे करणाऱ्या नविंदर सिंग सराओ याच्यावर २०१५ मध्ये जो आरोप ठेवला गेला त्यात माझ्या शीटमधलीच चाल आहे. त्यानं अमेरिकी निर्देशांकाच्या फ्युचर्समध्ये विक्रीच्या ऑर्डरींचे थर चालू भावापासून काही पायऱ्या लांब लावले, आणि भाव जवळ आला की प्रोग्रॅम ते थर आपोआप आणखी लांब सरकवायचा. ६ मे २०१० या एका दिवशी त्या ऑर्डरी १९,००० हून जास्त वेळा बदलल्या गेल्याचं तपास यंत्रणांनी नोंदवलं. २०१६ मध्ये त्यानं गुन्हा कबूल केला. जगातल्या अत्यंत तरत्या, अनुभवी लोकांनी भरलेल्या बाजारात हे वर्षानुवर्षं चाललं. गुरुजी फसले यात त्यांचा कमीपणा नाही.

आपल्याकडे सेबीच्या २००३ च्या नियमांत व्यवहारांचा खोटा आभास निर्माण करायला मनाई आहेच. २८ एप्रिल २०२५ ला सेबीनं एका दलाल संस्थेविरुद्ध स्पूफिंगबद्दल अंतरिम आदेश काढला. त्यात १७३ शेअरमधले ६२१ प्रसंग नोंदले आहेत, आणि ३.२२ कोटी रुपये रोखून ठेवायला सांगितलं. आदेश अंतरिम होता, म्हणून मी त्या संस्थेचं नाव घेत नाही. पण एवढं त्यावरून स्पष्ट होतं की भिंत खोटी असू शकते ही माझ्यासारखीच्या डोक्यातली शंका नाही, देशाच्या नियामकानं ती तपासून कागदावर आणली आहे. तरीही तुमची पट्टी त्या भिंतीला खरा खरेदीदार म्हणून मोजते.

खरी भिंत आणि खोटी भिंत ओळखता येते का? थोडीफार येते, आणि कशी ते मी लिहिते, कारण यासाठी लागणारं सगळं तुमच्याकडे येणाऱ्या आकड्यांत आहे आणि तुम्ही ते नीट दाखवत नाही.

भिंत गेली तर ती खाल्ली गेली की काढली गेली, हे बघायचं. त्यासाठी एक वजाबाकी पुरते. त्याच पडद्यावर दिवसभराच्या उलाढालीचा आकडा असतो. भिंत होती तेव्हाचा आणि गेली तेव्हाचा आकडा घ्यायचा. गुरुजींच्या त्या पहिल्या दोन सेकंदांत १,४२,००० शेअर पडद्यावरून गेले आणि उलाढाल वाढली फक्त ३,८०० शेअरनी. म्हणजे भिंतीला कुणी हातही लावला नव्हता, ती काढली होती. डेप्थ आणि उलाढाल यांचे आकडे एकाच क्षणाचे असतीलच असं नाही, म्हणून मी एका सेकंदावर निर्णय घेत नाही, पाच-सहा सेकंदांचा फरक बघते. तिथंही तो ९,००० च्या पुढं गेला नव्हता.

दुसरी खूण ऑर्डरींच्या संख्येची. प्रत्येक भावासमोर किती शेअर आहेत हे जसं येतं तसंच ते किती ऑर्डरी मिळून आहेत हेही येतं. त्या १,४२,००० समोर आकडा होता ३. याच शेअरमध्ये दुसऱ्या एका दिवशी ८२० ला विक्रीच्या बाजूला ९६,००० शेअर होते, आणि ऑर्डरी ५४०. म्हणजे सरासरी एका ऑर्डरीत १७८ शेअर. ती माणसं होती, गोल आकड्याला विकायचं म्हणून आदल्या दिवसापासून ठरवून बसलेली. ती भिंत सरकली नाही. चौदा मिनिटांत ती खरोखर खाल्ली गेली, उलाढाल तेवढीच वाढली. तुमच्या नव्या रूपात ऑर्डरींचा हा रकानाच काढून टाकला आहे. जागा वाचवायला म्हणून पट्टी ठेवली आणि रकाना काढला, याचं मला फार वाईट वाटलं.

आणि तिसरी, उलट बाजूची. काही वेळा ओळीत आकडा छोटाच असतो पण तो संपत नाही. एकदा ८१५.५० ला विक्रीत ४,००० शेअर दिसत होते. सौदे होत होते, ४,००० संपायचे, पुन्हा ४,००० यायचे. ती ओळ ढळेपर्यंत उलाढाल सुमारे ४०,००० नी वाढली. खरा मोठा विक्रेता तिथं होता, रुमालाखाली. पट्टीनं त्याला दर वेळी फक्त ४,००० धरलं. त्याच वेळी कुठल्यातरी लांबच्या ओळीतल्या दिखाऊ लाखभर शेअरना पूर्ण लाख.

आता माझ्याच म्हणण्याची मर्यादा सांगते, नाहीतर मीही पट्टीसारखीच वागेन. माझ्या शीटवरून मी कुणावर आरोप करू शकत नाही. भिंत काढली गेली हे मला दिसलं, का काढली ते दिसलं नाही. फ्युचर्सचा भाव हलला म्हणून एखाद्याचा प्रोग्रॅम आपली ऑर्डर प्रामाणिकपणे खाली सरकवत असू शकतो. बाहेरून तो आणि खोटी भिंत सरकवणारा अगदी सारखे दिसतात. तो त्याच वेळी समोरच्या बाजूनं विकत होता का, हे फक्त एक्स्चेंजला ठाऊक असतं, कारण ऑर्डरीमागचं नाव फक्त त्यांना दिसतं. शिवाय मी बघते ते सेकंदाला एक चित्र. एक्स्चेंजच्या आवारातच ज्यांचे संगणक आहेत त्यांना प्रत्येक ऑर्डर येताना, बदलताना, जाताना वेगवेगळी कळते. माझ्या दोन चित्रांच्या मध्ये त्यांच्याकडे शेकडो घटना घडून गेलेल्या असतात. मी भिंत बघून विचार करेपर्यंत, ती बघून करायचं ते करून ते मोकळे झालेले असतात.

आणि सगळ्यांत मोठी मर्यादा ही की खरी भिंत ओळखूनही दिशा कळत नाही. ८२० ची ती ५४० ऑर्डरींची भिंत खाल्ली गेली तेव्हा आमच्या कार्यालयात दोघांनी 'अडथळा गेला' म्हणून वर खरेदी केली. शेअर ८२०.६० पर्यंत गेला आणि तासाभरात ८१८ ला आला. भिंत खरी होती, खाणारे खरे होते. फक्त खाणाऱ्यांना तेवढेच हवे होते आणि ते मिळाल्यावर ते थांबले. शिवाय आपण बघतो तो एका एक्स्चेंजचा फलक. तोच शेअर दुसऱ्या एक्स्चेंजवर चालतो, त्याचं फ्युचर चालतं, ऑप्शन चालतात. डेप्थचा मला आजही एकच भरवशाचा उपयोग वाटतो: मोठी ऑर्डर टाकण्याआधी बघायचं की आपण बाजारभावानं घेतलं तर किती पैसे वर मोजावे लागतील. ५,००० शेअर घ्यायचे आणि वरच्या ओळीत १,२०० असतील तर पुढच्या किती ओळी लागतील, हे ती खरंखुरं सांगते. उद्याचं किंवा अर्ध्या तासानंतरचं ती सांगत नाही.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत, आणि यातली एकही अशी नाही की जिला मोठा खर्च येईल.

एकूण संख्येवरून काढलेली 'खरेदीदार-विक्रेते' टक्केवारीची पट्टी तरत्या शेअरच्या पानावरून काढा. ठेवायचीच असेल तर रंग काढा, भावाशेजारची जागा काढा आणि खाली मराठीसह ग्राहकाच्या भाषेत एक ओळ लिहा: यात भावापासून लांबच्या ऑर्डरी आहेत, स्टॉपलॉस आणि तात्काळ होणारे सौदे नाहीत, आणि ऑर्डरी कधीही रद्द होऊ शकतात.

ऑर्डरींच्या संख्येचा रकाना परत आणा, आणि तो लपवलेल्या टिचकीमागे ठेवू नका. त्याच्या शेजारी, दिसणाऱ्या ओळी मिळून किती पैशांचा पल्ला झाकतात ते लिहा. 'पल्ला: २० पैसे' एवढं वाचलं असतं तरी गुरुजींनी स्टॉपलॉसची जागा बदलली असती.

मोठी ऑर्डर पडद्यावरून गेली की ती सौद्यात गेली की रद्द झाली, हे तुमच्या आकड्यांतून साधारण काढता येतं. मी ते साध्या शीटमध्ये करते. तुम्ही ते दाखवा. दाखवता येत नसेल तर 'मोठा खरेदीदार आला' अशा सूचना ग्राहकाच्या मोबाइलवर पाठवणं बंद करा. आमच्या यंत्रमागवाल्या एका ग्राहकाला अशा सूचना दिवसाला सात-आठ येतात, आणि तो मागावर उभा राहून त्यावर सौदे करतो.

एक विनंती दोन्ही एक्स्चेंजना आहे, तीही तुमच्यामार्फत, कारण तुम्ही त्यांचे सदस्य आहात आणि तुमचं तिथं ऐकलं जातं. बाजार बंद झाल्यावर प्रत्येक तरत्या शेअरसाठी रोज एवढंच जाहीर करा: पहिल्या वीस ओळींत आलेल्या एकूण शेअरपैकी किती टक्के सौदा न होता रद्द झाले, आणि ते सरासरी किती वेळ उभे होते. कुणाचं नाव नको, कुणाची ऑर्डर नको. तो आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की भिंतीवर किती विसंबायचं ते माणूस आपलं आपण ठरवेल. सारखं रद्द करणाऱ्यांचं ट्रेडिंग एक्स्चेंज काही काळ थांबवतात हे मला माहीत आहे, आणि ते योग्यच आहे. पण ती शिक्षा कुणाला झाली, कशामुळे झाली हे आमच्या खिडकीपर्यंत कधी पोचत नाही.

गुरुजींनी भिंत बघून सौदे करणं थांबवलं आहे. वजाबाकी मी त्यांना दाखवली. गणिताचे शिक्षक, पाच मिनिटांत समजले. मग म्हणाले, "हे ॲपनं का नाही सांगितलं?" तो प्रश्न मी तुमच्याकडे पाठवते आहे. उत्तर जाहीर द्या, ॲपच्या पुढच्या रूपात द्या, माझ्या नावावर पाठवायची गरज नाही.

आपली,
इचलकरंजीची एक डीलर